ब्रेकचा दिवा विझवणाऱ्या सुपरवायझरसाहेबांना खुले पत्र

सुपरवायझरसाहेब,

तुमच्या वर्कशॉपचं बिल माझ्या टेबलावर पडलंय. त्यात एक ओळ आहे : ‘ब्रेक ऑइल टॉप-अप’. सोबतच्या तपासणीच्या कागदावर ‘ब्रेक’ या शब्दापुढे ठसठशीत टिक आहे आणि खाली तुमची सही. ज्या गाडीला ही टिक मिळाली, ती आत्ता माझ्या रॅम्पवर चारही चाकं काढून उभी आहे. पाचगणीहून वाईला उतरताना पसरणी घाटात तिचं ब्रेक पेडल सरळ खाली फ्लोअरला टेकलं. चालवणाऱ्या ताईंनी पहिला गिअर टाकला, हॅण्डब्रेक थोडा थोडा ओढत गाडी डोंगराच्या बाजूच्या नाल्यात घातली. मागे दोन मुलं आणि सासूबाई होत्या. सगळे सुखरूप आहेत. याचं श्रेय ताईंना आहे आणि हॅण्डब्रेकच्या केबलला आहे, कारण ती केबल ब्रेक ऑइलवर चालत नाही. तुमच्या टिकेचा त्यात काडीचा वाटा नाही.

ताई तुमच्याकडे का आल्या होत्या, ते मी त्यांच्याकडून सविस्तर ऐकलं. वळणावर आणि जोरात ब्रेक दाबला की डॅशबोर्डवरचा लाल दिवा लुकलुकायचा, तोच तो वर्तुळातल्या उद्गारचिन्हाचा. हॅण्डब्रेक पूर्ण खाली असूनही. बाई शहाण्या, घाटात जायच्या आधी गाडी दाखवून घेतली. तुम्ही बॉनेट उघडलं, डबीचं झाकण फिरवलं, बाटलीतून थोडं ऑइल ओतलं, दिवा विझला, अर्ध्या तासात गाडी दिली. काय हातखंडा म्हणायचा! रोग तसाच ठेवून रोग्याची कण्हण्याची सोय तेवढी बंद केलीत.

तो दिवा कशामुळे लागतो, हे तुम्हाला माहीत नसेल असं मला वाटत नाही. पण माहीत असूनही बाटली उचललीत म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो. ऑइलच्या डबीत एक छोटा फ्लोट असतो, त्यात चुंबक बसवलेलं असतं. काही गाड्यांत तो झाकणाला लटकतो, काहींत डबीच्या तळाशी कप्प्यात असतो. ऑइल खाली गेलं की फ्लोट खाली येतो, चुंबक काचेच्या नळीतल्या दोन बारीक पत्त्यांच्या स्विचजवळ पोचतं, पत्त्या चिकटतात आणि दिवा लागतो. पातळी अगदी काठावर असली की वळणावर ऑइल एका बाजूला हेलकावतं आणि दिवा क्षणभर लागून विझतो. म्हणजे ताईंना दिसलेला लुकलुकता दिवा एवढंच सांगत होता, की पातळी आत्ताच मिनिममच्या रेघेला येऊन पोचली आहे. यापलीकडे त्या फ्लोटला काहीही कळत नाही. ऑइल कसलं आहे, किती जुनं आहे, त्यात पाणी किती शिरलंय, यातलं त्याला काही समजत नाही. उलट ऑइलमध्ये पाणी मुरतं तेव्हा पातळी खाली जात नाही, झालीच तर केसभर वाढते. म्हणून ऑइल नासलं असताना दिवा शांत राहू शकतो, आणि दिवा विझवला म्हणून ऑइल चांगलं झालं असं होत नाही.

आता पातळी खाली का गेली, हे शोधायचं तुमचं काम होतं. ब्रेक ऑइल जळत नाही, खर्च होत नाही. बंद नळ्यांत राहणारा हा द्रव कमी दिसतो तेव्हा तो कुठे तरी गळत असतो, किंवा पॅड झिजल्यामुळे कॅलिपरमध्ये जाऊन बसलेला असतो. (काही गाड्यांत क्लचही याच डबीतून ऑइल घेतो, तेव्हा तिथली गळतीही पाहायची.) ताईंच्या गाडीत गळती नव्हती. मी पुढची चाकं काढली. नव्या पॅडवर साधारण १० मिलिमीटर मसाला असतो, इथे जेमतेम २ उरला होता. प्रत्येक पॅड ८ मिलिमीटर झिजलेला, एका चाकाला दोन पॅड, म्हणजे पिस्टन १६ मिलिमीटर पुढे सरकलेला. पिस्टनचा व्यास ५ सेंटिमीटर धरा, तर त्याच्या मागे तयार झालेल्या पोकळीत ३० मिलिलिटरच्या वर ऑइल मावतं. दोन्ही चाकांचं मिळून ६० मिलिलिटर. डबीतून ‘नाहीसं’ झालेलं ऑइल तिथे होतं, सुपरवायझरसाहेब. ते हरवलं नव्हतं. पॅड संपत आलेत ही बातमी घेऊन पातळी खाली आली होती, आणि तुम्ही बातमी आणणाऱ्यावर ऑइल ओतलंत.

याची पावती मला पॅड बदलताना मिळाली असती. नवे पॅड बसवायला पिस्टन आत ढकलावा लागतो, म्हणजे ते ६० मिलिलिटर ऑइल परत डबीत येतं. तुम्ही डबी मॅक्सच्या रेघेपर्यंत भरून ठेवली होती. मी आधी सिरिंजने ऑइल काढून घेतलं नसतं, तर ते झाकणातून उसळून खालच्या रंगावर सांडलं असतं, आणि ब्रेक ऑइल रंग कसा सोलून काढतं ते तुमच्या पेंटरला विचारा. पॅड कमी असल्यामुळे उतरलेली पातळी टॉप-अप करायची नसते. पॅड पाहायचे, जरूर तर बदलायचे, पिस्टन मागे गेला की पातळी आपोआप जागेवर येते. गळती असेल, तर ओतलेलं ऑइलही त्याच भोकातून जाणार आणि तुम्ही फक्त अपघाताची तारीख पुढे ढकलणार.

इथपर्यंत तुमच्यावर आळसाचा आरोप आहे. पुढचा त्याहून मोठा आहे.

मी ऑइलचे दोन नमुने काढले. एक डबीतून, दुसरा पुढच्या उजव्या कॅलिपरच्या निपलमधून. माझ्याकडे ऑइल तापवून ते किती अंशाला उकळतं हे सांगणारं यंत्र आहे. डबीतलं ऑइल १९५ अंशांच्या आसपास उकळलं. कॅलिपरमधलं १५० अंशांच्या थोडं वर. झाकणावर डॉट ४ लिहिलेलं आहे. नवं डॉट ४ ऑइल मानकाप्रमाणे २३० अंशांच्या खाली उकळता कामा नये. त्याच मानकात भिजलेल्या ऑइलचीही चाचणी असते. सुमारे ३.७ टक्के पाणी मुरवून घेतल्यावर डॉट ४ किमान १५५ अंशांपर्यंत टिकलं पाहिजे. डॉट ३ ला हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. म्हणजे ताईंच्या कॅलिपरमधलं ऑइल मानकातल्या सर्वांत ओल्या अवस्थेपर्यंत जाऊन बसलं होतं, आणि डबीतलं बरं दिसत होतं ते तुमच्या टॉप-अपच्या कृपेने. तुम्ही त्या दिवशी डबीत टेस्टर बुडवला असता, तरी त्याने तुमच्याच नव्या ऑइलचं कौतुक केलं असतं.

या दोन आकड्यांमधलं अंतर नीट बघा, कारण तुमची सगळी चूक त्यात आहे. इंजिनचं ऑइल फिरत असतं, ओतलं की मिसळतं. ब्रेकच्या नळ्या मात्र कॅलिपरला जाऊन संपतात. पेडल दाबल्यावर ऑइल जरासं पुढे जातं, सोडल्यावर तेवढंच मागे येतं. वरचं नवं ऑइल वरच राहतं आणि चाकाजवळचं जुनं तिथेच पडून राहतं. उष्णता तर सगळी चाकाजवळ. तिथे नवं ऑइल पोचवायचा एकच मार्ग आहे : निपल उघडून जुनं बाहेर काढणं. डबीत ओतून ते कधीही होत नाही.

आता तुम्ही म्हणाल, पाणी शिरलंच कुठून, झाकण तर घट्ट होतं. झाकणात रबरी पडदा असतो हे खरं, पण झाकण उघडलं की दमट हवा आत येते, आणि त्यापेक्षा जास्त पाणी चाकाजवळच्या रबरी होसपाइपमधून आणि सीलमधून सावकाश झिरपत आत येतं. रबर द्रवाला अडवतं, वाफेला पूर्ण अडवत नाही. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवा कशी असते हे वेगळं सांगायला नको. महाबळेश्वरला तर पावसाळ्यात भिंतींना बुरशी येते. ब्रेक ऑइल ग्लायकॉल ईथरपासून बनतं, डॉट ४ मध्ये बोरेट एस्टरही असतं, आणि हे द्रव पाणी ओढून घेतात. गाडी उभी राहिली तरी ओढतात. म्हणून बदलायची मुदत किलोमीटरसोबत वर्षांत दिलेली असते. बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत ती दोन वर्षांच्या आसपास सापडते. ताईंची गाडी सात वर्षांची, फिरलेली कमी. ‘गाडी फारशी फिरलीच नाही, ऑइल कशाला बदलायचं?’ हे वाक्य त्यांना तुमच्याच काउंटरवर ऐकवलं गेलं होतं, म्हणून तेही इथे नोंदवतो.

ऑइल पाणी ओढतं हा दोष आहे असं समजून तक्रार करणारेही मी पाहिलेत. तो दोष नाही. आत शिरलेलं पाणी ऑइलने आपल्यात विरघळवलं नसतं, तर ते थेंबाथेंबाने सर्वांत खालच्या जागी, म्हणजे कॅलिपरमध्ये साचलं असतं. तिथे ते १०० अंशांच्या आसपासच उकळलं असतं आणि त्याआधी पिस्टनला गंज चढवला असता. पाणी ऑइलमध्ये पसरून राहतं म्हणून उकळबिंदू थोडा थोडा खाली येतो आणि आपल्याला दोन वर्षांची सवड मिळते. ऑइल ती सवड देण्यासाठी स्वतः नासतं. ते वेळेत बाहेर काढायचं एवढीच आपली बाजू असते. तीही तुम्ही पार पाडली नाहीत.

आता घाटात काय झालं ते ऐका. पाचगणी आणि वाई यांच्या उंचीत साधारण ६०० मीटरचा फरक आहे. माणसं धरून १४०० किलोची गाडी तेवढी उतरली, तर सुमारे ८० लाख ज्यूल ऊर्जा कुठे तरी मुरवावी लागते. २५ लिटर थंड पाण्याला उकळी आणायला साधारण तेवढीच लागते. काही वाटा टायर आणि हवा घेतात, खालचा गिअर असेल तर इंजिनही बराच घेतं. ताई गाडी चौथ्या गिअरमध्ये उतरवत होत्या आणि पाय सतत ब्रेकवर होता. हे चुकलं असं मी त्यांना सांगितलं, त्यांनी मान्यही केलं. नवं ऑइल असतं तरी असं उतरू नये. पण नव्या ऑइलने ही चूक पोटात घातली असती. पावणेदोनशे अंशांनासुद्धा ते उकळलं नसतं.

घाटातल्या एका वळणावर, जिथून खाली धोम धरणाचं पाणी दिसतं, तिथे मुलांना फोटो काढायचा होता म्हणून गाडी थांबली. पेडल तोवर ठीक होतं. थांबल्यावर वारा थांबला. तापलेल्या डिस्कची उष्णता आता बाहेर जाण्याऐवजी पॅडमधून पिस्टनमध्ये आणि पिस्टनमधून ऑइलमध्ये गेली. पॅडवर १० मिलिमीटर मसाला असता, तर त्याने ती बरीच अडवली असती. तो उष्णतेच्या वाटेतला पडदाच आहे. इथे पडदा २ मिलिमीटरचा. ज्या पॅडची बातमी दिवा देत होता, त्याच पातळ पॅडने ऑइल तापवलं, आणि जे ऑइल तुम्ही बदललं नाही ते दीडशे अंशांना उकळलं. तुमची दोन्ही पापं एकाच कॅलिपरमध्ये भेटली.

उकळलेल्या ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे तयार झाले. द्रव दाबला जात नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. वाफ दाबली जाते. गाडी पुन्हा निघाली, पुढच्या वळणाआधी ताईंनी पेडल दाबलं, आणि पायाचा सगळा जोर बुडबुडे चेपण्यात गेला. हल्लीच्या गाड्यांत ब्रेकच्या दोन वेगळ्या लाइनी असतात, एक फुटली तरी दुसरी चालावी म्हणून. पण पुढची दोन्ही चाकं सारखीच तापतात, ऑइलही दोन्ही लाइनींत तेवढंच जुनं, तेव्हा दोन्ही एकाच वेळी जातात. आणि हे सगळं होत असताना डबीतली पातळी मॅक्सवर होती, डॅशबोर्डवर एकही दिवा नव्हता.

क्रेनने गाडी माझ्या दारात आणली तेव्हा पेडल पुन्हा घट्ट लागत होतं. थंड झाल्यावर वाफेचं पुन्हा ऑइल होतं, पुरावा शिल्लक राहत नाही. ताईंच्या घरच्यांनी तुम्हाला फोन केला, तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘आता ब्रेक लागतोय ना? मग मॅडमचा पाय चुकून ॲक्सिलरेटरवर पडला असेल.’ हे पत्र मी खरं म्हणजे या वाक्यासाठी लिहितोय. ज्या बाईने चार जीव वाचवले, तिच्यावर तुम्ही तिच्याच घरच्यांसमोर खापर फोडलंत. ती दोन रात्री झोपली नाही, आपणच चुकलो असं तिला वाटू लागलं होतं. यंत्रावरचे आकडे मी तिला आणि तिच्या घरच्यांना बसवून दाखवले. आता तुम्हालाही कळवले.

मी काय केलं तेही सांगतो, म्हणजे ‘एवढं कुठे जमतं’ असं म्हणायला जागा नको. डबीतलं जुनं ऑइल सिरिंजने काढलं, आतला गाळ पुसला. नवे पॅड बसवले. सीलबंद बाटलीतलं डॉट ४ भरलं. उघडून महिने झालेली बाटली मी वापरत नाही, कारण ती शेल्फवर उभ्याउभ्या पाणी पिते. मग पुस्तिकेत दिलेल्या क्रमाने एकेका चाकाच्या निपलला पारदर्शक नळी लावली, नळीचं दुसरं टोक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवलं. पोऱ्या पेडल दाबून धरतो, मी निपल सोडतो, काळपट ऑइल येतं, निपल बंद करतो, मग तो पाय उचलतो. पेडल पूर्ण तळाला न्यायचं नाही, खाली लाकडाचा ठोकळा ठेवायचा, नाहीतर जुन्या मास्टर सिलिंडरचं सील आतल्या गंजलेल्या भागावर घासून फाटतं. चारही चाकांतून स्वच्छ ऑइल येईपर्यंत हे करायचं आणि तोवर डबी रिकामी होऊ द्यायची नाही. एक लिटरच्या आत ऑइल आणि तासाभराची मेहनत लागली. शेवटी फ्लोट हाताने खाली दाबून दिवा लागतो का तेही पाहिलं, कारण अडकलेला फ्लोट खरी गळतीसुद्धा सांगणार नाही.

तुमच्या वर्कशॉपमध्ये पेनसारखा टेस्टर असेल, हिरवा-पिवळा-लाल दिव्यांचा. तो ऑइलमधून वीज किती जाते यावरून अंदाज बांधतो, आणि प्रत्येक कंपनीच्या ऑइलला तो अंदाज सारखा लागू पडत नाही. रंगावरही जाऊ नका. काळं ऑइल जुनं असतं, पण पिवळं दिसणारं ऑइल कोरडं असेलच असं नाही. खात्री उकळून पाहिल्यावरच होते. आणि ते यंत्र नसेल, तर शेवटचं ऑइल कधी बदललं ती तारीख विचारा. दोन वर्षं उलटली असतील किंवा तारीख कुणाला सांगता येत नसेल, तर बदलून टाका. ताईंच्या सर्व्हिस बुकात तुमच्या वर्कशॉपचे शिक्के पहिल्या वर्षापासून आहेत. ब्रेक ऑइल बदलल्याची नोंद एकाही पानावर नाही. टॉप-अप मात्र तीनदा.

तीनदा, साहेब. तीनही वेळा गाडी काहीतरी सांगत होती.

तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ‘ब्रेक ऑइल टॉप-अप’ एवढं टाइप केलं, तर गेल्या दोन वर्षांतल्या अशा सगळ्या गाड्यांची यादी मालकांच्या फोन नंबरांसह निघेल. त्यातल्या किती जणांना येत्या रविवारी आंबोली, कुंभार्ली, वरंधा, ताम्हिणी उतरायचा आहे, हे तुम्हाला ठाऊक नाही, मलाही नाही. यादी काढा. पॅड पाहायला आणि ऑइल बदलायला त्यांना बोलवा, रविवारच्या आधी. फोन करायला माणूस कमी पडत असेल तर यादी माझ्याकडे पाठवा, मी बसून लावतो.

आपला,
घाटाच्या पायथ्याचा एक मेकॅनिक, वाई